दोनशे वाचतील की चारशे मरतील: फ्रेमिंगचा प्रयोग करायचा कसा आणि त्यातून संदेश लिहायचा कसा

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मी हा प्रयोग पहिल्यांदा घेतला तेव्हा दोन्ही प्रश्न फळ्यावर शेजारीशेजारी लिहिले होते. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "सर, दोन्ही एकच आहेत की!" प्रयोग तिथेच संपला. प्रश्न एकच आहे हे दिसलं की माणूस आपली दोन्ही उत्तरं जुळवून घेतो. म्हणून फ्रेमिंग, म्हणजे एकाच गोष्टीची मांडणी बदलल्यानं निवड बदलणं, बघायचं असेल तर एका माणसाला एकच मांडणी दाखवावी लागते. पुढची सगळी कृती या अटीवर उभी आहे.

मूळ प्रयोग अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांचा. तो १९८१ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. अमेरिकेत एक विचित्र साथ येऊ घातली आहे, तिनं ६०० माणसं मरतील असा अंदाज आहे, आणि तिला तोंड द्यायला दोन योजना आहेत, असं विद्यार्थ्यांना सांगितलं होतं. एका गटाला 'वाचतील'च्या भाषेत विचारलं, दुसऱ्याला 'मरतील'च्या. मूळ मजकुरात ती साथ 'आशियाई' होती. पलीकडच्या वाचकाला त्या शब्दानं ती दूरची वाटत असेल, आपल्याकडे तो शब्द उलटाच लागतो, म्हणून तो सरळ गाळा.

चिठ्ठ्या लिहिणं

दोन प्रकारच्या चिठ्ठ्या लागतील. वरचा मजकूर दोन्हींवर अक्षरशः सारखा:

"एक अनोळखी साथ येऊ घातली आहे. काहीच केलं नाही तर ६०० माणसं मरतील असा अंदाज आहे. दोन योजना समोर आहेत. शास्त्रज्ञांच्या मते त्यांचे परिणाम खाली दिल्याप्रमाणे होतील. तुम्ही कोणती योजना निवडाल? एकीवरच खूण करा."

पहिल्या प्रकारच्या चिठ्ठीवर त्याखाली:

"योजना १: २०० माणसं वाचतील.
योजना २: तीनात एक शक्यता अशी की ६०० माणसं वाचतील, आणि तीनात दोन शक्यता अशी की एकही माणूस वाचणार नाही."

दुसऱ्या प्रकारच्या चिठ्ठीवर:

"योजना १: ४०० माणसं मरतील.
योजना २: तीनात एक शक्यता अशी की एकही माणूस मरणार नाही, आणि तीनात दोन शक्यता अशी की ६०० माणसं मरतील."

हिशेब करून बघा. ६०० पैकी २०० वाचले म्हणजे ४०० मेले, त्यामुळे दोन्ही चिठ्ठ्यांवरची पहिली योजना एकच आहे. दुसऱ्या योजनेत ६००चा एक तृतीयांश काढला तर सरासरीनं तेच २०० येतात. चारही ओळींत सरासरी सारखीच. दोन योजनांमधला फरक एवढाच की पहिलीत निकाल ठरलेला आहे आणि दुसरीत तो नशिबावर सोडलेला आहे.

मराठीत हा मजकूर लिहिताना हात घसरतो तो क्रियापदापाशी. 'मरतील' जरा कठोर वाटतं म्हणून कोणी 'दगावतील' लिहितं, कोणी 'मृत्युमुखी पडतील', आणि वर्तमानपत्राची सवय असलेला 'बळी जातील' लिहून मोकळा होतो. 'बळी' म्हटलं की बळी घेणारा कोणीतरी आला, त्यामागे दोष आला, आणि आता तुम्ही मांडणीबरोबर दोषही मोजत आहात. 'वाचतील' हा साधा, रोजचा शब्द आहे, तर त्याच्यासमोर तितकाच साधा 'मरतील' ठेवा. 'सहाशेच्या सहाशे', 'फक्त दोनशे', 'तब्बल चारशे' यातलं काहीही नको. वरच्या मजकुरातला '६०० माणसं मरतील' हा अंदाज मात्र दोन्हीकडे तसाच राहू द्या. माणूस वाचलेले की गेलेले मोजू लागतो ते कुठल्या रेषेपासून, हे तो अंदाजच ठरवतो.

वाटप आणि मोजणी

दोन्ही चिठ्ठ्या एकाच रंगाच्या कागदावर छापा. मी एकदा ओळखायला सोपं जावं म्हणून निळे आणि गुलाबी कागद वापरले, तर मुलं एकमेकांच्या हातात डोकावून "तुझा वेगळा का?" विचारायला लागली. तेव्हापासून कोपऱ्यात एक बारीक टिंब देतो, ते मलाच कळतं. वाटण्याआधी चिठ्ठ्या एकाआड एक लावून गठ्ठा करा आणि रांगेनं वाटत जा. डावीकडच्या बाकांना एक आणि उजवीकडच्यांना दुसरी असं केलंत तर कंपूंचा फरक मोजाल, कारण मित्र एकत्र बसतात. प्रत्येक प्रकारच्या अर्ध्या चिठ्ठ्यांवर योजनांचा क्रम उलटा ठेवा, म्हणजे वरचाच पर्याय निवडायची खोड दोन्हीकडे सारखी वाटली जाते. चर्चा बंद, दोन मिनिटं वेळ, चिठ्ठी घडी करून परत.

मग प्रत्येक ढिगाऱ्यात ठरलेली योजना, म्हणजे योजना १, किती टक्के लोकांनी निवडली ते काढा आणि दोन टक्केवारींची वजाबाकी करा. मूळ प्रयोगात 'वाचतील' गटात १५२ जण होते. त्यातल्या ७२ टक्क्यांनी ठरलेली योजना घेतली. 'मरतील' गटात १५५ जण होते आणि तीच योजना फक्त २२ टक्क्यांनी घेतली. फरक ५० टक्क्यांचा.

तुमच्या वर्गात इतका मोठा फरक येईल अशी आशा धरू नका. पुढे २०१४ साली हाच प्रयोग अनेक प्रयोगशाळांनी मिळून ३६ ठिकाणी, सहा हजारांहून अधिक लोकांवर पुन्हा केला. परिणाम स्पष्ट मिळाला, पण मूळ आकाराच्या साधारण अर्धाच. शिवाय छोट्या गटात नुसत्या योगायोगानंही बराच फरक दिसतो. त्यासाठी एक कच्चा पण कामचलाऊ नियम आहे. एका गटातल्या माणसांच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि त्यानं १४१ला भागा. येईल तेवढ्या टक्क्यांपर्यंतचा फरक योगायोगाच्या खात्यात टाकावा.

समजा वर्गात ६० मुलं आहेत, म्हणजे प्रत्येक गटात ३०. तीसचं वर्गमूळ साधारण साडेपाच, म्हणून मर्यादा आली जवळपास २६ टक्के. 'वाचतील' गटात ३० पैकी २० जणांनी आणि 'मरतील' गटात ३० पैकी ११ जणांनी ठरलेली योजना घेतली, तर ६७ वजा ३७, फरक ३० टक्के. मर्यादेच्या थोडा वर आहे, बोलायला जागा आहे. पण १७ आणि १३ असे आकडे आले तर फरक १३ टक्क्यांचा, आणि त्यावरून काहीच म्हणता येत नाही. "आमच्या वर्गात फ्रेमिंग चालत नाही" असंही म्हणता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. दोन-तीन तुकड्यांच्या चिठ्ठ्या एकत्र केल्या आणि प्रत्येक गटात १०० जण झाले, तर मर्यादा १४ टक्क्यांवर येते आणि चित्र निवळतं.

मोजणी झाली की दोन्ही मजकूर मोठ्यानं वाचून दाखवा आणि साथ काल्पनिक होती हे सांगा. या वेळी वर्गात जो हशा होतो तो ऐकण्यासारखा असतो, पण थोड्या मुलांचे चेहरे पडतात. आपण फसलो असं त्यांना वाटतं. त्यांच्यासाठी पुढचा भाग महत्त्वाचा आहे.

असं का होतं

कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलेलं स्पष्टीकरण साध्या भाषेत असं सांगता येईल. २०० माणसं वाचल्याचं जे समाधान आहे, त्याच्या तिप्पट समाधान ६०० वाचल्यानं होत नाही. पहिली शंभर-दोनशे माणसं मनात मोठी जागा घेतात, पुढची त्यात मिसळून जातात. मग तिप्पट समाधानही न देणाऱ्या गोष्टीसाठी तीनात एक अशी जुगारी शक्यता कशाला घ्यायची? म्हणून 'वाचतील' ऐकणारा हातचं धरतो. दुःखाचंही तसंच आहे. ६०० मेल्याचं दुःख ४०० मेल्याच्या दुःखाच्या दीडपट जाणवत नाही, त्याहून कमीच. मग ४०० मेलेले पक्के मान्य करण्यापेक्षा, थोडं जास्त दुःख पत्करून 'एकही मरणार नाही' अशी फट उघडी ठेवलेली बरी वाटते. म्हणून 'मरतील' ऐकणारा नशीब आजमावतो. माणूस तोच आणि आकडे तेच राहतात. बदलते ती फक्त मोजायला सुरुवात करायची जागा. एका चिठ्ठीत सगळे मेलेत असं धरून वाचलेले मोजायचे, दुसरीत सगळे जिवंत धरून गेलेले मोजायचे.

हे स्पष्टीकरण सुरेख आहे आणि बरीच वर्षं तेवढंच शिकवलं गेलं. पण चिठ्ठ्या पुन्हा नीट वाचा. पहिल्या योजनेत एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. 'दोनशे माणसं वाचतील', बरं, उरलेल्या चारशेंचं काय? मजकूर गप्प आहे. दुसरी योजना मात्र दोन्ही बाजू पूर्ण सांगते.

इथे मराठी आपल्याला फार छान मदत करते. आपल्याकडे 'च' आणि 'तरी' आहेत. 'दोनशे वाचतील' हे वाक्य बोलताना ऐकणाऱ्याच्या कानात बहुतेकदा 'दोनशे तरी वाचतील' असंच पडतं. लग्नाला किती येतील असं विचारल्यावर "दोनशे येतील" म्हणणाऱ्याचा आचारी अडीचशेंचा अंदाज धरतो. तसंच 'चारशे मरतील' हे 'चारशे तरी मरतील' असं ऐकू आलं, तर तिथे पक्की योजना नाकारणं हा शहाणपणाच झाला. कारण 'तरी'च्या हिशेबात पहिल्या चिठ्ठीवरची योजना २०० किंवा जास्त वाचवते आणि दुसऱ्या चिठ्ठीवरची तीच योजना ४०० किंवा जास्त मारते. मग त्या दोन योजना एक राहतच नाहीत. डेव्हिड मँडेल या संशोधकानं २०१४ साली हाच आक्षेप घेऊन मजकुरात 'बरोबर २००' असं घातलं तेव्हा त्याच्या प्रयोगात फ्रेमिंगचा परिणाम नाहीसा झाला. त्यावर इतरांनी प्रतिप्रयोग केले, शंका दूर केल्यावरही परिणाम दिसतो असं म्हटलं, आणि तो वाद मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही गोष्टींचा वाटा आहे. पण फसल्यासारखं वाटलेल्या मुलांना मी 'तरी'ची गोष्ट आवर्जून सांगतो. त्यांचा मेंदू बिघडलेला नव्हता, त्यांनी अपुरं वाक्य आपापल्या परीनं पूर्ण केलं होतं.

तिसरी आणि चौथी चिठ्ठी

हा वाद वर्गातच तपासून बघता येतो, आणि मला विचाराल तर प्रयोगाचा खरा रस इथे आहे. पुढच्या तुकडीला, म्हणजे ज्यांनी आधीचं काही ऐकलेलं नाही अशांना, बदललेल्या चिठ्ठ्या द्या. फक्त योजना १ बदलायची. एका प्रकारात: "बरोबर २०० माणसं वाचतील आणि बरोबर ४०० माणसं वाचणार नाहीत." दुसऱ्यात: "बरोबर ४०० माणसं मरतील आणि बरोबर २०० माणसं मरणार नाहीत." योजना २ जशीच्या तशी. राहिलेला अर्धा भाग आता दोन्हीकडे सांगितला आहे, फक्त क्रियापद वेगळं आहे. असा मजकूर दिला की दोन गटांमधला फरक आकसतो, काही प्रयोगांत जवळपास जातोच.

याचा उलटा प्रयोगही करता येतो. योजना १ मूळ स्वरूपात ठेवा आणि योजना २ मधलं शून्य गाळा. 'वाचतील' चिठ्ठीतून 'एकही माणूस वाचणार नाही' हा तुकडा काढायचा, 'मरतील' चिठ्ठीतून 'एकही माणूस मरणार नाही' हा काढायचा. गणित तसंच राहतं, कारण उरलेली शक्यता वाचणाऱ्याला स्वतः काढता येते. व्हॅलेरी रेना आणि चार्ल्स ब्रेनर्ड यांनी हे करून पाहिलं तेव्हा परिणाम विरला. आणि शून्याचा तुकडा तेवढा ठेवून दुसरा गाळला तर तो वाढला. त्यांचं म्हणणं असं की माणसं आकडे फारसे मोजतच नाहीत, मथितार्थ पकडतात: 'काही वाचतील' विरुद्ध 'काही वाचतील किंवा कोणीच नाही'. यात पहिलं बरं. 'काही मरतील' विरुद्ध 'काही मरतील किंवा कोणीच नाही'. यात दुसरं बरं. निवड त्या 'कोणीच नाही'वर झुलते.

या सगळ्यातून संदेश लिहिणाऱ्यानं घ्यायचं ते हेच: आकड्याची कोणती बाजू तुम्ही गाळलीत आणि शून्य कुठे ठेवलंत, यावर वाचणाऱ्याचा कल ठरू शकतो. साथ काल्पनिक होती. आता जिथे माणसं खरोखर सही करतात तिथे जाऊ.

ऑपरेशन की रेडिएशन

बार्बरा मॅकनील, स्टीफन पॉकर, हॅरोल्ड सॉक्स आणि ट्वर्स्की यांनी १९८२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरबद्दलचा अभ्यास छापला. कॅन्सर नसलेले बाह्यरुग्ण, डॉक्टर आणि व्यवस्थापन शिकणारे विद्यार्थी अशा तीन प्रकारच्या लोकांना त्यांनी विचारलं, तुम्हाला हा आजार झाला तर काय निवडाल? आकडे त्या काळातले आहेत. आजचे उपचार आणि आजचे आकडे वेगळे आहेत, त्यामुळे हे फक्त मांडणी समजण्यासाठी वापरायचे.

जगण्याच्या भाषेतला मजकूर असा होता. ऑपरेशन केलेल्या १०० जणांपैकी ९० जण त्यातून पार पडतात, वर्षअखेर ६८ जिवंत असतात, पाच वर्षांनी ३४. रेडिएशन घेतलेल्या, म्हणजे काही रुग्ण ज्याला 'शेक' म्हणतात ते घेतलेल्या १०० पैकी सगळे १०० उपचारातून पार पडतात, वर्षअखेर ७७ जिवंत असतात, पाच वर्षांनी २२.

मरणाच्या भाषेत हेच आकडे उलटे केले. ऑपरेशनमध्ये १०० पैकी १० मरतात, वर्षअखेरपर्यंत ३२, पाच वर्षांपर्यंत ६६. रेडिएशनमध्ये उपचारादरम्यान कोणीच मरत नाही, वर्षअखेरपर्यंत २३, पाच वर्षांपर्यंत ७८.

पहिला मजकूर वाचणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांनी रेडिएशन निवडलं, दुसरा वाचणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांनी. डॉक्टरही सुटले नाहीत. जगण्याच्या भाषेत ८४ टक्के डॉक्टर ऑपरेशनच्या बाजूनं होते, मरणाच्या भाषेत ते ५० टक्क्यांवर आले. आकडे वाचायची रोजची सवय असलेल्या माणसांची ही गत.

असा फरक कुठल्या ओळीमुळे पडतो ते शोधायची रीत सोपी आहे. प्रत्येक टप्प्यावर दोन उपचारांचे आकडे शेजारी ठेवा आणि मनाला कुठली उडी मोठी वाटते ते पहा. ९० विरुद्ध १००: दोन्ही मोठेच आकडे, फरक डोळ्यात भरत नाही. १० विरुद्ध ०: इथे एकाच्या बाजूला मरण आहे आणि दुसऱ्याच्या बाजूला मरण नाही. हाच मघाचा 'कोणीच नाही'. फरक तोच दहाचा, पण शून्यापाशी आल्यावर तो दरीसारखा दिसतो. पाच वर्षांच्या ओळीत हे घडत नाही. ३४ विरुद्ध २२ असो की ६६ विरुद्ध ७८, कुठेही शून्य नाही. म्हणून मरणाच्या भाषेत पहिली ओळ बाकीच्या दोन ओळींना गिळते आणि ऑपरेशनची भीती वर येते.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, तिच्याकडे दुर्लक्ष होतं. उपचारांची नावं झाकून नुसते आकडे दाखवले की रेडिएशन निवडणारे वाढले. म्हणजे 'ऑपरेशन' आणि 'रेडिएशन' या शब्दांमागे लोकांच्या आधीच्या समजुती होत्या आणि त्याही निवडीत उतरत होत्या. मांडणी नीट केली की माणूस कोरा होऊन निवडतो असं समजू नका.

खरा पेच मात्र दोन्ही मजकुरांनी झाकला, तो असा. वर्षभराचा विचार केला तर रेडिएशन बरं (७७ विरुद्ध ६८), पाच वर्षांचा केला तर ऑपरेशन (३४ विरुद्ध २२). मुलीचं लग्न येत्या वैशाखात आहे अशा माणसाचं उत्तर आणि घरात तीन वर्षांचं पोर आहे अशा माणसाचं उत्तर वेगळं असू शकतं, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. डॉक्टरनं विचारायचं ते हे.

आता संदेश लिहू. सुरुवातीला एक ओळ घालायची: "दोन उपचार आहेत. एकाच प्रकारच्या आजाराच्या १०० माणसांचं काय होतं ते दोन्हींसाठी सांगतो." शेकडा दोन्हीकडे तोच ठेवायचा. एकीकडे 'शंभरात दहा' आणि दुसरीकडे 'पाचात एक' असं करू नका, ऐकणाऱ्याला छेद जुळवायला लावणं म्हणजे चूक पेरणं. मग प्रत्येक टप्प्यावर दोन्ही बाजू, एकाच वाक्यात:

"ऑपरेशन केलं तर: १०० पैकी ९० जण ऑपरेशनमधून पार पडतात, १० जण त्या काळात मरतात. एका वर्षानं ६८ जिवंत असतात, ३२ नसतात. पाच वर्षांनी ३४ जिवंत असतात, ६६ नसतात.

रेडिएशन घेतलं तर: उपचाराच्या काळात १०० पैकी सगळे जिवंत राहतात, कोणीच मरत नाही. एका वर्षानं ७७ जिवंत असतात, २३ नसतात. पाच वर्षांनी २२ जिवंत असतात, ७८ नसतात."

काही जण इथे 'मरतात' ऐवजी सगळीकडे 'जिवंत नसतात' लिहितात. ऑपरेशनच्या ओळीत मी तसं करत नाही, कारण टेबलावरचं मरण मवाळ शब्दात लपवलं की पुढे नातेवाइकांचा विश्वास उडतो. पण कोणती बाजू आधी सांगायची, हा प्रश्न उरतोच. दोन्ही बाजू सांगितल्या तरी पहिली जरा जास्त राहते. कागदावर छापायचं असेल तर शंभर चौकोनांची जाळी काढून जिवंत असलेले एका रंगात आणि नसलेले दुसऱ्या रंगात भरा. चित्रात कुठलीच बाजू पहिली नसते, दोन्ही एकदमच दिसतात. तोंडी सांगत असाल तर एका रुग्णाला जगण्यापासून आणि पुढच्याला मरणापासून असा बदल मनाला येईल तसा करू नका. एकच क्रम ठरवून घ्या आणि सगळ्या रुग्णांना तोच सांगा.

जिथे ही युक्ती लागू पडत नाही

आरोग्य शिबिरांच्या फलकांवर दिसतं ते वेगळ्या जातीचं फ्रेमिंग आहे. "तपासणी करा, लवकर निदान होईल" किंवा "तपासणी टाळली तर आजार हाताबाहेर जाईल". इथे दोन योजना नाहीत, नशिबाचा फासा नाही. एकच काम करायला सांगितलं आहे, फायदा दाखवून किंवा तोटा दाखवून. १९८७ साली मेयेरोवित्झ आणि चेकन यांनी स्तनांच्या स्वतपासणीबद्दलच्या पत्रकांवर प्रयोग केला. तोटा सांगणारं पत्रक वाचलेल्या तरुणींवर जास्त परिणाम दिसला, आणि तेव्हापासून 'तपासणीसाठी भीती, प्रतिबंधासाठी फायदा' असा ठोकताळा पसरला. पुढे ओकीफ आणि जेन्सन यांनी अशा कितीतरी प्रयोगांचा एकत्र हिशेब घातला तेव्हा दोन मांडण्यांमधला फरक अगदी किरकोळ निघाला. तेव्हा ६००च्या चिठ्ठ्यांवर मिळालेला मोठा फरक दाखवून कोणी "फलकावर मेलेल्यांचा आकडा टाका, गर्दी होईल" असं सांगत असेल, तर त्यानं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली आहे. फलकावर तपासणी कुठे, किती वाजता आणि फुकट आहे का, हे मोठ्या अक्षरात लिहिण्यात ती जागा जास्त सत्कारणी लागेल.

संदेश चालतो की नाही हे तपासणं

लिहिलेला मजकूर छापण्याआधी दहा-बारा माणसांना द्या. अर्ध्यांना जगणं आधी असलेला, अर्ध्यांना मरण आधी असलेला. इतक्या थोड्या माणसांवरून टक्केवारी काढण्यात अर्थ नाही, मघाचा नियम लावलात तर मर्यादा पन्नास टक्क्यांच्याही वर जाते. म्हणून इथे मोजणी करायची नाही, ऐकायचं. कागद काढून घ्या आणि म्हणा, "आता हेच तुमच्या घरच्यांना तुम्ही कसं सांगाल?" घरी बायकोला किंवा भावाला सांगतात तसं सांगू द्या.

दोन्ही अर्धी तोंडात आली का ते ऐका. "शंभरातले दहा ऑपरेशनमध्येच जातात म्हणे" एवढंच कोणी सांगितलं, तर वर्षभराची आणि पाच वर्षांची ओळ त्याच्यापर्यंत पोचलेली नाही आणि तुमचा जमवलेला समतोल कागदावरच राहिला आहे. "नव्वद टक्के सक्सेस आहे" असं कोणी म्हणालं तर त्यानं ऑपरेशनमधून उठणं म्हणजे बरं होणं असं धरलं आहे, आणि ती चूक 'पार पडतात' या शब्दाची आहे. तिथे "ऑपरेशननंतर जिवंत राहतात, पण आजार पूर्ण गेला असं नाही" असं लिहा आणि दुसऱ्या दहा जणांना द्या. मला स्वतःला असा एक मजकूर तीनदा बदलावा लागला होता. तिसऱ्या वेळी एक आजोबा म्हणाले, "म्हणजे लवकर जायची भीती ऑपरेशनात जास्त, पण टिकलो तर लांबची आशाही त्यातच जास्त." आकडा त्यांनी एकही सांगितला नाही. मजकूर त्या दिवशी छापायला दिला.